मोसमी वारे आणि सोलापूरचा पाऊस

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत जुलै महिन्यात एखाद्या गच्चीवर उभे राहून आकाशाकडे पाहिले, तर एक विरोधाभास सहज नजरेत भरतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे करड्या ढगांची रांग वेगाने धावत असते. वारा अखंड वाहत असतो. हवा दमट असते. आणि तरीही जमीन दिवसचे दिवस जेमतेम ओलावते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात चित्र पालटते. वारा पडलेला असतो, दुपार उकाड्याची असते, आणि सायंकाळच्या सुमारास पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून चढत आलेला एकच मेघ अर्ध्या तासात इतके पाणी ओततो, की गल्लीबोळांतून लोंढे वाहू लागतात. मोसमी वारे ऐन भरात असताना पाऊस थोडा आणि ते माघारीच्या वाटेवर असताना पाऊस अधिक, असा हा उलटा क्रम आहे. आकडेही हेच सांगतात. सोलापूरचा सरासरी वार्षिक पर्जन्य सातशे ते साडेसातशे मिलिमीटरांच्या दरम्यान आहे, आणि त्यात सर्वांत अधिक वाटा जुलैचा नसून सप्टेंबरचा, म्हणजे सुमारे १८० मिलिमीटर, आहे.

हा क्रम कसा लागतो हे समजले, म्हणजे मोसमी वारे उपखंडावर का येतात आणि पाऊस वर्षागणिक कमीजास्त का होतो, या दोन्ही प्रश्नांचा बराचसा उलगडा होतो. त्याचबरोबर ‘यंदा देशात मोसमी पाऊस सरासरीइतका पडेल’ या विधानातून सोलापूरच्या शेतकऱ्याला नेमके किती कळते, याचाही अंदाज बांधता येतो.

वारे का येतात

शालेय पुस्तकांतील स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील बाष्पयुक्त हवा धावून येते. ही कल्पना एडमंड हॅली याने १६८६ मध्ये मांडली. तीत सत्याचा अंश आहे. परंतु केवळ तिच्या आधारे सोलापूरचा अनुभव स्पष्ट होत नाही. येथील जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात. त्या वेळी पारा चाळीस अंशांच्या पुढे असतो, पण पाऊस नसतो. जुलैत जमीन कितीतरी थंड झालेली असते, तेव्हा मात्र वारे सर्वांत प्रबळ असतात. शिवाय अवर्षणाच्या वर्षी जमीन नेहमीपेक्षा अधिक तापलेली असते. तापलेली जमीन हेच एकमेव कारण असते, तर अवर्षणाच्या वर्षी वारे अधिक जोराने यावयास हवे होते. सुलोचना गाडगीळ यांनी हा आक्षेप स्पष्टपणे मांडून मोसमी पावसाकडे पाहण्याची निराळी दृष्टी पुढे ठेवली.

या दृष्टीने पाहता मोसमी पाऊस हा विषुववृत्ताजवळील पर्जन्यपट्ट्याचा ऋतुमानानुसार होणारा प्रवास होय. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकत्र येतात, तेथे हवा वर चढते आणि मेघांचा एक आडवा पट्टा तयार होतो. सूर्याबरोबर हा पट्टा उत्तर-दक्षिण सरकतो. महासागरावर तो विषुववृत्तापासून फार दूर जात नाही. भारतीय उपखंडावर मात्र तो गंगेच्या मैदानापर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यातील तापलेली जमीन त्याला उत्तरेकडे येण्याची वाट करून देते; पण एकदा पाऊस सुरू झाला, म्हणजे पुढील शक्ती पावसातूनच मिळते. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, ती वरच्या थरांतील हवा तापवते, त्यामुळे जमिनीलगतचा दाब उतरतो आणि अधिक बाष्प खेचले जाते. उत्तरेकडील थंड व कोरडी हवा या प्रदेशात मिसळू न देण्याचे काम हिमालय करतो.

पट्टा इतका उत्तरेस आला, म्हणजे दक्षिण गोलार्धातील वाऱ्यांना विषुववृत्त ओलांडावे लागते. मादागास्करच्या पूर्वेस मॅस्करीन बेटांजवळ उच्च दाबाचे क्षेत्र असते. तेथून निघालेले आग्नेय वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य वारे बनून अरबी समुद्रावरून भारताकडे येतात. हा प्रवाह सर्वत्र सारख्या जोराचा नसतो. सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा एक अरुंद, वेगवान झोत असतो, आणि तेथे वेग ताशी पन्नास ते सत्तर किलोमीटरांपर्यंत जातो. शुक्रवार पेठेवरून जुलैत धावणारे ढग बहुतांशी याच झोतात सापडलेले असतात.

सह्याद्री काय हिरावून घेतो

हा झोत सह्याद्रीवर आदळतो आणि महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस देतो. तेथून सोलापूर पूर्वेस सुमारे २४० किलोमीटर आहे. सह्याद्री वाऱ्यातील सारे बाष्प पिळून घेतो आणि पुढे कोरडी हवा तेवढी जाते, असा सर्वसाधारण समज आहे. साधा हिशेब केला तर हा समज टिकत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावरील हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस आहे, आणि ४०० मीटर उंचीवर तिच्यात ढग धरू लागतो असे मानू. ढग धरेपर्यंत चढणारी हवा दर किलोमीटरास सुमारे दहा अंशांनी निवते. म्हणून ४०० मीटरांवर तापमान २३ अंश होईल. त्यापुढे बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटत असल्याने निवण्याचा वेग किलोमीटरास सुमारे साडेचार अंशांवर येतो. १,२०० मीटर उंचीच्या माथ्यावर तापमान साडेएकोणीस अंशांच्या आसपास राहील. आता ही हवा सोलापूरच्या पातळीपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरांपर्यंत, उतरते. वाटेत झालेले पाणी सह्याद्रीवर पडून गेले असेल, तर उतरताना ती पुन्हा किलोमीटरास दहा अंशांनी तापते आणि सोलापुरास सुमारे साडेसव्वीस अंशांवर पोहोचते. चढताना याच उंचीवर ती सुमारे साडेबावीस अंशांवर होती. म्हणजे डोंगर ओलांडण्यात तिला चार अंशांची उष्णता मिळाली.

बाष्पाचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. ढग धरताना या हवेत दर किलोग्रॅमला सुमारे पावणेएकोणीस ग्रॅम बाष्प होते. माथा ओलांडताना सुमारे सव्वासोळा ग्रॅम उरले. घट अडीच ग्रॅमांची, म्हणजे जेमतेम एक-सप्तमांश ते एक-अष्टमांश इतकीच! तेव्हा सोलापूरवरून जाणारी हवा कोरडी नसते. तिची सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास राहते. मात्र तिच्यात पुन्हा ढग धरण्यासाठी तिला जमिनीपासून सुमारे सातशे मीटर वर उचलावे लागते, आणि तो ढग पाऊस देण्याइतका वाढण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक. कोकणात हे उचलण्याचे काम डोंगर करतो. सोलापूरच्या पठारावर ते करणारे काहीच नसते. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील उणीव बाष्पाची नाही, ती उचलणाऱ्या शक्तीची आहे.

जुलैत आणखी एक अडथळा असतो. दीड किलोमीटरांवर वारा पश्चिमेकडून जोराने वाहत असतो, तर चौदा-पंधरा किलोमीटरांवर त्याहूनही वेगवान वारा पूर्वेकडून येत असतो. उंच वाढू पाहणाऱ्या मेघाचा पाया एका दिशेस आणि माथा दुसऱ्या दिशेस ओढला जातो, आणि मेघ भरण्यापूर्वीच विसकटतो. त्यामुळे जुलैचे ढग बहुधा बुटके राहतात व भुरभुर पाऊस देऊन पुढे जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पर्जन्याचे प्रयोग करण्यासाठी सोलापूरचाच परिसर निवडला, यामागेही हेच होते. ढग आहेत पण ते पुरेसे पाऊस देत नाहीत, ही स्थिती येथे वारंवार आढळते. मात्र असे प्रयोग असलेल्या मेघातून थोडे अधिक पाणी काढू शकतात. नसलेला मेघ निर्माण करू शकत नाहीत.

सप्टेंबरचा पाऊस कोठून येतो

सप्टेंबरमध्ये पश्चिमेचा झोत मंदावतो आणि उंचावरील पूर्वेकडील वारेही क्षीण होतात. ढगांचे आवरण विरळ झाल्याने दुपारी जमीन तापते. बंगालच्या उपसागरावरून दमट हवा तेलंगण व उत्तर कर्नाटकाच्या वाटेने आत येऊ लागते. तिला मध्ये सह्याद्रीसारखी भिंत नसते. तापलेली जमीन हवेला खालून उचलते आणि मेघ उभा वाढू शकतो. त्यातच उपसागरात एखादे न्यून दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकले, तर एकदोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडून जातो. शेतकरी ज्याला उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस म्हणतो, तो हाच. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढेपर्यंत तो चालतो. जिल्ह्यातील रब्बी ज्वारीची पेरणी याच ओलीवर होते, आणि पुढे सारे पीक काळ्या जमिनीने साठवलेल्या पाण्यावर वाढते. सोलापुरास १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याच्या अभ्यासाचा गाभा जमिनीत हे पाणी मुरवून टिकवण्याचा आहे.

उपसागरातील या क्षेत्रांचा मार्ग फार महत्त्वाचा ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुधा ओडिशातून मध्य प्रदेशाकडे जातात. तसे झाले, म्हणजे त्यांच्या दक्षिणेकडील पश्चिमी वारे बळावतात, कोकणात व घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो, आणि सोलापुरावरून नुसते ढग धावतात. मार्ग दक्षिणेकडे सरकून आंध्र-तेलंगणातून आला, तर सोलापूर भिजते. यामुळे एकाच जिल्ह्यात दोन निराळे पावसाळे नांदतात. भीमेवरील उजनीचे जलाशय मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पाण्याने भरते; कोरडवाहू शेत मात्र स्थानिक मेघांवर अवलंबून असते. भीमेला पूर येऊन पंढरपूरचे वाळवंट पाण्याखाली गेले आहे आणि त्याच वेळी शेजारच्या तालुक्यांत पेरणीला ओल नाही, असे दृश्य त्यामुळे अशक्य नसते.

१४ ऑक्टोबर २०२० चे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. उपसागरातील एक तीव्र अवदाब १३ ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आला. त्याने हैदराबाद परिसरात अतिवृष्टी केली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर कर्नाटक व सोलापूरच्या बाजूस सरकला. जिल्ह्यात ओढे-नाले फुटून वाहू लागले, उभी पिके पाण्यात गेली, आणि पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. पुढे तो क्षीण होऊन अरबी समुद्रात उतरला. देशाचा मोसमी पर्जन्य १ जून ते ३० सप्टेंबर या मुदतीत मोजला जातो. त्यामुळे सोलापुरात त्या वर्षी सर्वांत अधिक परिणाम करून गेलेला हा पाऊस देशाच्या मोसमी आकड्यात मुळी धरलाच गेला नाही.

वर्षावर्षांतील फरक

एकूण देशाचा मोसमी पर्जन्य विलक्षण स्थिर आहे. त्याची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७० मिलिमीटर असून वर्षावर्षांतील प्रमाण-विचलन जेमतेम दहा टक्के भरते. सोलापूरसारख्या एका ठिकाणी हेच विचलन त्याच्या जवळजवळ तिप्पट असते. त्यात गूढ काही नाही. देशाच्या सरासरीत एका भागातील तूट दुसऱ्या भागातील अधिक पावसाने भरून निघते; एका पर्जन्यमापकाला अशी सोय नसते.

याचे प्रमाण साध्या कल्पनेने ताडता येते. सप्टेंबरच्या पावसाचा मोठा वाटा सरासरी तीन जोरदार सरींतून येतो, आणि प्रत्येक सर चाळीस मिलिमीटर देते, असे समजू. सरी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर संभाव्यताशास्त्रानुसार तिनाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे पावणेदोन सरींचा, चढउतार दरवर्षी अपेक्षितच आहे. कोणतेही बाह्य कारण नसताना केवळ योगायोगाने महिन्याचा पाऊस सत्तर मिलिमीटरांनी वरखाली होऊ शकतो. सरासरी १८० ची आणि चढउतार सत्तरचा! शिवाय असा एक मेघ पाचदहा किलोमीटरांच्या पट्ट्यावर बरसतो; शहराच्या एका टोकास रस्ते तुंबलेले असताना दुसरे टोक कोरडे राहते. म्हणून एका मापकाच्या नोंदीवरून तालुक्याचे अवर्षण ठरवणे धोक्याचे असते.

या योगायोगावर महासागरांचा हात असतो. १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा आगाऊ अंदाज शोधीत होते. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे आलटून पालटून वरखाली होतात, असे त्यांना दिसून आले. त्याची समुद्रातील बाजू म्हणजे एल निनो. एरवी इंडोनेशियाजवळचे पाणी अधिक उबदार असते आणि हवा तेथे वर चढते. एल निनोच्या वर्षी उबदार पाणी मध्य व पूर्व पॅसिफिककडे पसरते, चढत्या हवेचा स्तंभ त्याच्यामागे जातो, आणि भारतावर हवा खाली उतरण्याकडे कल होतो. उतरती हवा मेघांना वाढू देत नाही. सोलापुरासह महाराष्ट्राने १९७२ मध्ये भोगलेला दुष्काळ अशाच वर्षी आला. त्या वर्षी देशाचा मोसमी पर्जन्य सरासरीपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने घटला होता.

परंतु हा संबंध अटळ नाही. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीप्रमाणे १९५१ ते २०२२ या काळात एल निनोची १५ वर्षे आली. त्यांपैकी ६ वर्षी पाऊस सरासरीइतका किंवा अधिक झाला. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील अतिप्रबळांपैकी एक होता, तरी त्या वर्षी पर्जन्य सरासरीहून किंचित अधिकच भरला. उलट २००२ चा एल निनो मध्यम होता, पण त्या वर्षी जुलैचा देशव्यापी पाऊस निम्म्यावर आला. याची दोन कारणे सांगितली जातात. पहिले असे, की उबदार पाणी पॅसिफिकच्या पूर्व टोकाशी आहे की मध्यभागी, यावर भारतावरील उतरत्या हवेचे स्थान ठरते. मध्यभागाचे तापणे आपल्यास अधिक बाधक असते. दुसरे असे, की हिंदी महासागराचे स्वतःचेही एक आंदोलन आहे. त्याचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक उबदार असेल, तर मोसमी पावसास ते पोषक ठरते. १९९७ मध्ये तशी स्थिती होती. २०१९ मध्येही ती प्रकर्षाने होती, आणि त्या वर्षी पावसाने आरंभीची सारी तूट पुढे भरून काढली.

अंदाजाची मर्यादा

वरील विवेचनावरून हंगामी अंदाजाचा अर्थ नीट लावता येतो. महासागर हळूहळू बदलतात; म्हणून देशाच्या एकूण पर्जन्याचा कल काही महिने आधी सांगता येतो. न्यून दाबाचे क्षेत्र कोणत्या वाटेने जाईल, हे मात्र फार तर आठवडाभर आधी कळते. आणि सायंकाळचा मेघ शुक्रवार पेठेवर बरसेल की पलीकडे, हे काही तासांपूर्वीच. सोलापूरच्या पावसाचा मोठा भाग या शेवटच्या दोन प्रकारांत मोडतो. पावसाचा भर आणि खंड दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आलटून पालटून येतात; त्यांचा पंधरवड्याचा अंदाज या दोहोंच्या मधला असून पेरणीच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी पडतो.

तापणाऱ्या हवामानाने यात भर घातली आहे. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सर येते तेव्हा ती अधिक जोराची येण्याचा संभव वाढतो. सरी किती येतील याची हमी मात्र मिळत नाही. ज्या ठिकाणचे वर्ष तीनचार सरींवर तोलले जाते, तेथे प्रत्येक सर मोठी होणे म्हणजे सरासरी तीच राहूनही चढउतार वाढणे होय.

तेव्हा सोलापुरात ‘यंदा पाऊस कसा आहे’ या प्रश्नाचे तीन भाग पाडावयास हवेत. घाटमाथ्यावर वारे जोराने आदळतील काय, हा उजनीचा प्रश्न. महासागरांची स्थिती अनुकूल आहे काय, हा देशाच्या सरासरीचा प्रश्न. आणि उत्तरा-हस्तात उपसागरातील एखादे क्षेत्र दक्षिणेच्या वाटेने येईल काय, हा ज्वारीचा प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनुकूल असूनही तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी येऊ शकते, आणि त्या वर्षी जलाशय भरलेले असताना कोरडवाहू शेत पडीक राहते.